सर्दीतली प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते

सर्दीत कपाळ ठणकलं की दोष सायनसला जातो; पण दुखण्याची जागा हा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या 2004 च्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ सांगणाऱ्या 2,991 जणांपैकी 88 टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. ताप किंवा पुवासारखा शेंबूड असलेले त्यात घेतलेच नव्हते. नाक तर वाहतं ना, असं कुणी म्हणेल. मायग्रेनमध्येही चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस चाळवून नाका-डोळ्यांतून पाणी येतं, आणि खाली वाकल्यावर तेही दुखणं वाढतं. म्हणून मळमळ होते का, उजेड नकोसा वाटतो का, हे आधी पाहावं. दोन्हीकडून पट्टा आवळल्यासारखं, पण चालता-फिरता न वाढणारं दुखणं बहुधा ताणाचं. पिवळा शेंबूड साध्या सर्दीतही येतो. सायनसचा संशय खरा तेव्हा, जेव्हा दाट शेंबूड आणि चेहऱ्याचं दुखणं दहा दिवसांनंतरही टिकतं किंवा बरं वाटून पुन्हा उलटतं.