कापड वेगळे, शिलाई तीच: बॅचचा खर्च कसा काढतात

शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात एका महिन्यात टेरिकॉटचे, सुती आणि लिननचे असे निरनिराळे शर्ट तयार होतात. कापडाच्या किमतीत दुपटी-चौपटीचा फरक असतो, पण प्रत्येक शर्ट त्याच टेबलावर कापला जातो, त्याच मशिनांच्या ओळीतून शिवून निघतो, काज-बटणाला जातो आणि शेवटी धागे काढून, तपासून, इस्त्री होऊन डब्यात बसतो. अशा उत्पादनाचा खर्च काढण्याच्या पद्धतीला ऑपरेशन कॉस्टिंग म्हणतात. तिचा नियम दोन वाक्यांत मावतो. माल, म्हणजे कापड, बटणे, कॅनव्हास, दोरा, ज्या बॅचला लागला त्याच बॅचच्या नावावर लिहायचा. आणि त्या मालाचा शर्ट करण्याचा खर्च, म्हणजे मजुरी, वीज, भाडे, मशिनांची झीज, प्रत्येक टप्प्याचा एकच दर ठरवून सगळ्या शर्टांना सारखा लावायचा. या दुसऱ्या भागाला रूपांतर खर्च म्हणतात.

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा मध्यम कारखाना डोळ्यांपुढे ठेवून आकडे मांडता येतात. आकडे उदाहरणापुरते आहेत. महिन्याला 10,000 शर्ट निघतील असा अंदाज आहे. कटिंगचा महिन्याचा रूपांतर खर्च 1,20,000 रुपये, शिलाईचा 5,50,000, काज-बटणाचा 80,000 आणि फिनिशिंग-पॅकिंगचा 1,50,000. प्रत्येक रकमेला 10,000 ने भागले की एका शर्टामागचे दर मिळतात: 12, 55, 8 आणि 15 रुपये. चारही टप्पे पार केलेल्या शर्टाला एकूण 90 रुपये लागतात, मग तो कोणत्याही कापडाचा असो.

आता दोन ऑर्डरी घेऊ. पहिली शाळेच्या 600 टेरिकॉट शर्टांची. शर्टाला दीड मीटर कापड, मीटरचा भाव 100 रुपये, म्हणजे 150 रुपये; बटणे, दोरा, लेबल वगैरेचे 14. माल झाला 164 रुपयांचा. दुसरी ऑर्डर एका हॉटेलच्या कर्मचाऱ्यांसाठी 200 लिनन शर्टांची. कापड दीड मीटरच, पण भाव 400 रुपये, म्हणजे 600 रुपये. बाकीचे सामान 26 रुपयांचे. माल 626 रुपये. दोन्हींत 90 मिळवले की टेरिकॉटचा शर्ट 254 रुपयांना आणि लिननचा 716 रुपयांना पडतो.

ही वाटणी किती महत्त्वाची आहे, हे तीच रक्कम दुसऱ्या रीतीने वाटून पाहिल्यावर कळते. साखर किंवा सिमेंटच्या कारखान्यात एकूण खर्चाला एकूण उत्पादनाने भागतात. तसे इथे केले, तर 800 शर्टांची सरासरी प्रत्येकी 369 रुपये 50 पैसे येते. त्या हिशेबाने शाळेची ऑर्डर तोट्याची वाटून नाकारली जाईल आणि लिननचा शर्ट 400 रुपयांत विकला जाईल, जेव्हा त्याचे नुसते कापडच 600 रुपयांचे आहे. ही चूक ढोबळ आहे, ती लवकर लक्षात येते. दुसरी चूक जास्त फसवी असते. माल बॅचवार लिहिला जातो, पण रूपांतर खर्च मालाच्या किमतीवर टक्केवारीने चढवला जातो. 800 शर्टांचे 72,000 रुपये 2,23,600 रुपयांच्या मालावर वाटले, तर दर 32.2 टक्के पडतो. मग लिननच्या शर्टाच्या माथी शिवण्याचे सुमारे 202 रुपये येतात आणि टेरिकॉटच्या 53. कापड महाग म्हणून मशिनवर जास्त वेळ गेलेला नाही, तरी भाव फुगतो. बेरीज बरोबर जुळत असल्याने वहीत चूक दिसत नाही. महागड्या कापडाच्या ऑर्डरी दुसरीकडे जाऊ लागतात आणि स्वस्त कापडाच्या ऑर्डरी भराभर येतात, तेव्हा ती जाणवते.

रोजच्या कामात हा हिशेब बॅच कार्डावर उभा असतो. बॅच सुरू झाली की कार्ड निघते आणि गठ्ठ्याबरोबर टप्प्याटप्प्याने फिरते. कटिंगच्या वेळी कापड प्रत्यक्ष किती मीटर दिले ते त्यावर लिहितात, ठरलेले माप लिहून भागत नाही. लिननच्या ताग्यात डाग किंवा विणीचे दोष निघाले आणि शर्टामागे 8 सेंटिमीटर कापड जास्त गेले, तर 32 रुपये वाढतात. टेरिकॉटमध्ये तेवढ्याच नासाडीने 8 रुपये वाढले असते. महागड्या कापडाच्या बॅचमध्ये कटिंग मास्तरावर लक्ष का ठेवायचे, हे त्या दोन आकड्यांवरून उमगते.

महिनाअखेरीला अर्धवट राहिलेल्या बॅचची किंमतही कार्डावरूनच निघते. लिननचे 200 शर्ट शिवून झाले, काज-बटण बाकी आहे असे धरू. कापडाचे 600, कॅनव्हास, दोरा आणि लेबलचे 18, कटिंग आणि शिलाईचे 67, असे शर्टामागे 685 रुपये. बॅचची किंमत 1,37,000. बटणांचे 8 रुपये अजून लागलेले नाहीत, म्हणून ते धरायचे नाहीत.

या पद्धतीचा सगळा भार एका गृहीतावर आहे: त्या टप्प्यावर प्रत्येक शर्टाला जवळपास सारखेच काम लागते. टप्पे तेच असले म्हणून वेळही तोच लागेल, अशी खात्री नसते. चौकटीच्या कापडात खिसा आणि पुढची पट्टी जुळवावी लागते; निसरडे कापड टेबलावर कमी थरांत पसरावे लागते. हे ओळखण्याचा मार्ग साधा आहे: तीच ओळ, तेच कारागीर असताना तासाला किती शर्ट उतरले ते बॅचवार लिहून ठेवावे. फरक किरकोळ असेल तर एकच दर चालतो. तो ठळक आणि सतत दिसत असेल तर दर शर्टाऐवजी मिनिटावर बांधावा. वरच्या कारखान्यात शिलाईला शर्टामागे 20 मिनिटे धरली, तर 5,50,000 रुपयांत 2,00,000 मिनिटांचे काम येते, म्हणजे मिनिटाला 2 रुपये 75 पैसे. चौकटीच्या शर्टाला 25 मिनिटे लागत असतील, तर त्याची शिलाई 55 ऐवजी 68 रुपये 75 पैसे धरावी. कारागिरांना नगावर मजुरी असेल, तर मजुरीचा वाटा ठरलेल्या नगदराने धरावा आणि मिनिटांचा दर उरलेल्या खर्चापुरता ठेवावा. एखाद्या बॅचला धुलाईसारखा जादा टप्पा असेल, तर त्याचा दर फक्त त्याच बॅचला लागतो; बाकीच्यांच्या कार्डावर ती ओळ कोरी राहते.

दर अंदाजावर बांधलेले असल्याने महिनाअखेरीला ते प्रत्यक्षाशी ताडून पाहावे लागतात. 10,000 ऐवजी 8,000 शर्टच निघाले, तर 90 रुपयांप्रमाणे बॅचवर 7,20,000 रुपये चढतात. पण भाडे, पगार फारसे कमी होत नाहीत आणि खर्च समजा 8,60,000 होतो. उरलेले 1,40,000 रुपये बहुधा त्या महिन्याच्या नफा-तोट्यात टाकतात. ते पुढच्या बॅचच्या दरात घुसवले, तर काम कमी असतानाच भाव वाढतो आणि ऑर्डरी आणखी कमी होतात.