सहा प्रायोजक, एकच पडदा

व्याख्यानमाला असो की शाळेचा सुवर्णमहोत्सव, सभागृह भरत असताना पडद्यावर प्रायोजकांची स्लाइड लावलेली असते. कार्यक्रम सुरू व्हायला उशीर झाला, तर लोक तीच स्लाइड बराच वेळ बघत बसतात. त्यांत प्रायोजकही असतात. सहा जणांनी सारखी रक्कम दिलेली असताना एकाचा लोगो अर्ध्या पडद्यावर पसरलेला आणि दुसऱ्याचा चष्मा लावूनही वाचता न येणारा दिसला, की त्याच रात्री कार्यवाहांना फोन येतो. बहुतेक वेळा स्लाइड करणाऱ्याने कोणालाही झुकतं माप दिलेलं नसतं. त्याने सगळ्यांना एकच माप लावलेलं असतं, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एका व्याख्यानमालेला सहा सहप्रायोजक आहेत. नागरी सहकारी बँकेचा लोगो गोल आहे, बारीक रेघांचा, कडेने नाव लिहिलेला. बांधकाम व्यावसायिकाचा लालभडक चौकोन आहे, मध्ये एक पांढरं अक्षर. सराफी पेढीला चिन्हच नाही, नुसतं लांबलचक देवनागरी नाव आहे, उंचीच्या सहापट रुंद. प्रकाशनसंस्थेचा लोगो उभा आहे, वर समई आणि खाली नाव, म्हणजे रुंदी दोन तर उंची तीन. उरलेले दोघे, मसाल्यांचा कारखाना आणि वाहनविक्रेता, साधारण ३:२ आकाराचे आहेत. त्यांचा कधीच त्रास होत नाही.

आता सगळ्यांची उंची ३ सेंमी ठेवली, तर बँक आणि बिल्डर ३ सेंमी रुंद होतात आणि पेढी १८ सेंमी. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ३३.८७ सेंमीची असते, म्हणजे निम्म्याहून जास्त रुंदी एकट्या सराफांनी व्यापली. बरं, रुंदी सारखी ठेवू म्हणून सगळ्यांना ५ सेंमी दिले, तर पेढीच्या नावाची उंची जेमतेम ८ मिलिमीटर उरते आणि प्रकाशकांची समई साडेसात सेंमी उंच होते. दोन्ही वेळा चौकोनी आणि लांब लोगोंच्या क्षेत्रफळात सहापटीचा फरक पडतो. पहिल्यांदा तो लांब लोगोच्या बाजूने पडतो, दुसऱ्यांदा चौकोनी लोगोच्या.

म्हणून उंची आणि रुंदी दोन्ही सोडून क्षेत्रफळ सारखं ठेवायचं. सुरुवात सगळ्यांत लांब लोगोपासून करावी, कारण जागा त्यालाच कमी पडते. दोन्ही कडांना दीडेक सेंमी मोकळे सोडून स्लाइडचे तीन रकाने केले, की प्रत्येक रकाना सुमारे १०.३ सेंमीचा होतो. शेजाऱ्याला चिकटू नये म्हणून पेढीला ९ सेंमी रुंदी द्यायची. मग तिची उंची दीड सेंमी आणि क्षेत्रफळ साडेतेरा चौरस सेंमी. हेच क्षेत्रफळ बाकीच्यांना द्यायचं. रुंदीला उंचीने भागून येणारं गुणोत्तर घ्यायचं, क्षेत्रफळाला त्या गुणोत्तराने भागायचं आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढायचं. ती झाली उंची. ३:२ च्या लोगोंना ४.५ बाय ३ मिळतात, प्रकाशकांना ३ बाय ४.५ आणि चौकोनाला ३.७ बाय ३.७. हे आकडे चित्राच्या आकाराच्या खिडकीत भरताना `Lock aspect ratio` या चौकटीत खूण असलीच पाहिजे. ती नसेल तर लोगो दाबला किंवा ताणला जातो.

हा हिशेब करण्याआधी एक काम उरकावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. प्रायोजकाने पाठवलेली फाइल म्हणजे लोगो नव्हे. फाइलमध्ये लोगोभोवती रिकामी जागा असते, कधी थोडी, कधी भरपूर. १००० बाय १००० पिक्सेलच्या फाइलमध्ये लोगो मधल्या ७०० बाय ७०० मध्येच असेल, तर तुम्ही फाइलला दिलेल्या क्षेत्रफळापैकी निम्म्याहूनही थोडं कमी, ४९ टक्के, त्याच्या वाट्याला येतं. शेजारचा लोगो फाइलच्या कडेपर्यंत भिडलेला असेल तर तो दुप्पट मोठा दिसतो, आणि गणित तर बरोबर असतं! रिकामी जागा पारदर्शक असली की ती डोळ्यांना दिसतही नाही. चित्रावर क्लिक करून निवडचौकट कुठे येते ते पाहिलं, की लगेच कळतं. तेव्हा आधी प्रत्येक लोगो शाईच्या कडेपर्यंत क्रॉप करायचा आणि मगच मोजायचा.

इतकं झालं की स्लाइड बरीच सावरते. तरी लाल चौकोन अजून पुढे येतोच, आणि बँकेचा गोल मागे पडतो. याची कारणं दोन. पहिलं भूमितीचं. वर्तुळ आपल्या चौकटीचा साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भागच व्यापतं, चारही कोपरे रिकामे राहतात. त्यामुळे ३.७ सेंमीच्या चौकटीतलं वर्तुळ ३.७ सेंमीच्या चौकोनापेक्षा खरोखरच लहान असतं. साडेतेरा चौरस सेंमी भरायला वर्तुळाचा व्यास ४.१ सेंमी लागतो, तेवढा द्यावा. अक्षरं घडवणारे हे जुन्या काळापासून जाणतात. रोमन O ते H पेक्षा किंचित उंच काढतात, तेव्हा कुठे ती दोन्ही अक्षरं एका उंचीची वाटतात.

दुसरं कारण शाईचं. भरीव रंग डोळा ओढतो, बारीक रेघ ओढत नाही. स्टेट बँकेचं १९७१ सालापासूनचं चिन्ह आठवा, जवळजवळ पूर्ण निळं वर्तुळ आणि त्यात छोटा गोल नि एक फट. आपल्या सहकारी बँकेचा रेघांचा गोल त्याच व्यासात शेजारी ठेवला तर फिकाच पडेल. इथे सूत्र चालत नाही, डोळ्यावर भरवसा ठेवावा लागतो. तरी सुरुवातीला भरीव लोगोची उंची-रुंदी दहा टक्क्यांनी कमी करून पाहावी. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण त्याने क्षेत्रफळ एकोणीस टक्क्यांनी घटतं. लाल चौकोन ३.७ वरून ३.३ सेंमीवर आला की शांत होतो. पंधरा टक्क्यांपुढे मात्र जाऊ नये. मग लोगो लहान केल्याचं कळू लागतं आणि तक्रार दुसऱ्या बाजूने येते.

देवनागरी नावांची गोष्ट थोडी वेगळी आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांचं नाव आपली चौकट वरपासून खालपर्यंत भरतं. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, आणि चौकटीची उंची मोजताना ते सगळं मोजलं जातं. दीड सेंमीच्या चौकटीत अक्षराचं मूळ अंग सेंमीभरही नसतं. म्हणून क्षेत्रफळ सारखं असूनही मराठी नाव नाजूक दिसतं. त्याला थोडं वाढवून द्यायला हवं, निदान काटछाट तरी करू नये. शिवाय ‘सराफी पेढी’ यासारख्या नावात मात्रा-वेलांट्या सगळ्या वरच आहेत, खाली काहीच नाही. अशी चौकट `Align Middle` ने मधोमध आणली तरी अक्षरं खाली घसरल्यासारखी वाटतात, कारण डोळा अक्षरांचं अंग बघतो, वेलांटीचं टोक नाही. कीबोर्डवरच्या बाणाने नाव जरासं वर सरकवलं की ते रांगेत येतं. नावात उकार खाली असतील आणि वर काही नसेल, तर उलटं करायचं.

पेढीच्या लांबीवर खरा उपाय मात्र पेढीकडेच असतो. पुष्कळ संस्थांकडे लोगोची दोन ओळींची आवृत्ती असते, पण मागितल्याशिवाय ती कोणी पाठवत नाही. सहास एक असलेलं नाव दोन समान ओळींत आलं की गुणोत्तर ३:२ होतं, आणि ९ बाय दीडऐवजी ४.५ बाय ३ मध्ये तेच नाव जवळपास तेवढ्याच मोठ्या अक्षरांत बसतं. मात्र त्यांचं नाव आपण होऊन तोडू नये, तो अधिकार त्यांचा. दोन ओळींचा लोगो नसेल तर लांब नाव मधल्या रकान्यात घ्यावं, दोन्हीकडे अरुंद शेजारी द्यावेत, म्हणजे त्याला श्वास घेता येतो.

मांडणी करताना `Distribute Horizontally` चा मोह टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती आज्ञा लोगोंमधलं अंतर सारखं करते. रुंदी वेगवेगळी असल्यामुळे मधला लोगो बाजूला सरकतो आणि वरची रांग खालच्या रांगेशी जुळत नाही. त्याऐवजी सारख्या आकाराचे सहा चौकोन आखून प्रत्येक लोगो आपापल्या चौकोनाच्या मध्यावर ठेवावा. स्लाइडचा रंग गडद असेल तर हे चौकोन पांढरेच ठेवावेत. पांढऱ्या पाठीच्या जेपीजी फाइलभोवती उठून दिसणारा ठोकळा त्यात मिसळून जातो, आणि सहा सारख्या पाट्या पाहून डोळ्याला आधीच समानता जाणवते. काही कलाकार सगळे लोगो एकाच राखाडी रंगात करतात. दिसायला ते फार सुरेख दिसतं, पण आपल्याकडे लोक दुकान रंगावरून ओळखतात, आणि बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत रंग बदलायला मनाई असते. मला ते पटत नाही.

वरचा डावा कोपरा सगळ्यांत आधी वाचला जातो, हे कितीही मोजमाप केलं तरी टळत नाही. तिथे कोण, याचं उत्तर सांगता येण्यासारखं हवं. नावं वर्णानुक्रमे लावावीत आणि खाली बारीक अक्षरांत तसं लिहावं. मग ते कोणी मनाला लावून घेत नाही.

स्लाइड झाली की ती पंचवीस टक्क्यांवर झूम करावी आणि डोळे किलकिले करून बघावी. अक्षरं विरघळतात, फक्त डाग उरतात. त्यांत एखादा डाग पहिल्यांदा नजरेत भरला तर तो लोगो थोडा कमी करायचा. एखादा दिसेनासा झाला तर तो वाढवायचा. हाच प्रयोग राखाडी रंगात केला की भडक रंगामुळे पुढे आलेला कोण आणि आकारामुळे कोण, ते वेगळं करता येतं. आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हाखाली असतं तसं बारीक ब्रीदवाक्य मात्र इतक्या लहान आकारात मागच्या रांगेतून वाचता येणार नाही. ज्यांच्या लोगोची ब्रीदवाक्याविना आवृत्ती असेल, त्यांच्याकडून ती मागून घ्यावी.

शेवटची तपासणी सभागृहातच करावी लागते. प्रोजेक्टरवर फिकट पिवळा आणि फिकट राखाडी उडतो, म्हणून तशा लोगोची गडद आवृत्ती हाताशी असावी. एलईडी भिंत १६:९ प्रमाणाची नसेल, तर चालवणारे कधीकधी चित्र ताणून ती पूर्ण भरतात. तेव्हा बँकेचा गोल बघायचा. तो लंबगोल दिसला की सगळेच लोगो ताणले गेले आहेत. अशा वेळी लॅपटॉपवर एकेक लोगो दुरुस्त करत बसू नये. भिंतीच्या सेटिंगमध्ये चित्राचं मूळ प्रमाण राखायला सांगावं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तरी त्या तशाच राहू द्याव्यात.