शेवटची लोकल ही तुमची लोकल नव्हे

भोसरी, चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शुक्रवारी पहिली पाळी असेल तर पहाटेच कंपनीची बस गाठावी लागते, त्यामुळे बाहेर मुक्काम करायची सोय नसते. मग सहल ठरते ती एका दिवसाची, आणि हात पोचेल असा मुलूख म्हणजे मावळ : कार्ले, भाजे, लोहगड. पुणे–लोणावळा लोकलवरचं मळवली हे स्टेशन या तिन्हींच्या मधोमध आहे. बेत आखताना हिशेब बहुधा असा मांडला जातो : सकाळची लवकरची लोकल, रात्रीची शेवटची लोकल, आणि मधला सगळा वेळ आपला. या एका वाक्यात तीन गैरसमज आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. दिवस सकाळपासून पुढे मोजला जातो. तो मोजायला हवा रात्रीपासून मागे.

पहिला गैरसमज असा की लोणावळ्याहून सुटणारी शेवटची लोकल ही परतीची मर्यादा आहे. आकुर्डी किंवा चिंचवड स्टेशनपासून चालत घरी जाणाऱ्यासाठी ते जवळजवळ खरं आहे. चाकणला राहणाऱ्यासाठी मात्र ते साफ चूक आहे, कारण चाकणला रेल्वे स्टेशनच नाही. त्याला कासारवाडीला उतरून नाशिक फाट्यावर यायचं, तिथून भोसरी, मोशीमार्गे पुणे–नाशिक रस्त्याने पीएमपीची किंवा एसटीची बस धरायची. नकाशात तळेगावहून चाकण जवळ दिसतं, पण तळेगाव–चाकण रस्त्यावर अवजड वाहनांची कोंडी रोजची आणि बसचे पर्याय कमी. म्हणून लांबचा वाटणारा कासारवाडीचा मार्गच जास्त भरवशाचा. याचा अर्थ चाकणकराची शेवटची गाडी ही लोकल नसून नाशिक फाट्यावरची बस आहे. ती चुकली तर वेळेवर आलेल्या लोकलचा काही उपयोग नाही. दोन-तीन वाहनं बदलून होणाऱ्या प्रवासात मर्यादा ठरते ती सगळ्यात आधी बंद होणाऱ्या वाहनावरून, सगळ्यात लांब पल्ल्याच्या वाहनावरून नव्हे.

आता मागे मोजून पाहू. दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं आहे म्हणून रात्री साडेनऊपर्यंत चाकणच्या घरी पोचायचं असं धरू. नाशिक फाटा ते चाकण हे अंतर साधारण वीस किलोमीटर. पण संध्याकाळी पाळ्या सुटण्याच्या आणि मालवाहू गाड्या निघण्याच्या वेळी मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत या रस्त्याला दीड तास द्यावाच लागतो. म्हणजे नाशिक फाट्यावर आठला हजर हवं. स्टेशनातून बाहेर पडून बसथांबा गाठायला पंधरा मिनिटं, म्हणून कासारवाडीला पावणेआठ. मळवली ते कासारवाडी लोकलने सुमारे तासाभराचं अंतर. तर मळवलीहून पावणेसातच्या सुमाराची लोकल ही या माणसाची खरी शेवटची लोकल. रात्री नंतरही लोकल असतीलच, पण त्या त्याच्या नाहीत.

आणि पावणेसातचीसुद्धा बेतात धरायची गाडी नव्हे, ती राखीव. बेत तिच्या आधीच्या गाडीवर बांधायचा. इथे दुसरा गैरसमज आड येतो, तो मुंबईच्या लोकलवरून आलेला आहे. ‘लोकल’ हा शब्द ऐकला की एक गेली तर दहा मिनिटांत दुसरी असं डोक्यात बसतं. पुणे–लोणावळा मार्गावर तसं नाही. याच रुळांवरून मुंबई–पुण्याच्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात, त्यामुळे दोन लोकलमधलं अंतर गर्दीच्या वेळीही मुंबईपेक्षा कितीतरी जास्त असतं. दुपारी तर रुळांच्या देखभालीसाठी राखून ठेवलेल्या वेळात काही तास लोकलच नसते. दुपारची ही पोकळी प्रवासी संघटनांच्या जुन्या तक्रारींपैकी एक आहे. सहलीला तिचा परिणाम उलटाच जाणवतो : बारा-एक वाजता कोणी थकलं, मुलाला बरं वाटेनासं झालं, पावसाने झोडपलं, तरी लगेच परतता येत नाही.

मग लोकल हुकली तर एक्स्प्रेस पकडू, असं सुचवणारा प्रत्येक गटात एक तरी असतो. एक्स्प्रेस गाड्या मळवलीला थांबत नाहीत. त्यासाठी आधी उलट दिशेने लोणावळा गाठावं लागतं, आणि तिथे थांबणारी प्रत्येक गाडी चिंचवडला थांबेलच असं नाही. डेक्कन क्वीन चिंचवडला न थांबता थेट शिवाजीनगर–पुण्याकडे जाते. शिवाय लोकलचं साधं तिकीट मेल-एक्स्प्रेसला चालत नाही. वेगळं तिकीट काढलेलं नसेल तर तपासनीस दंड करतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

तिसरा गैरसमज सगळ्यात जास्त वेळ खातो. गाडीतून उतरल्यापासून गाडीत चढेपर्यंतचा वेळ म्हणजे बघण्याचा वेळ, असं मानलं जातं. मळवलीला सकाळी नऊला उतरून साडेपाचला परत स्टेशनात, म्हणजे हातात साडेआठ तास दिसतात. त्यातला वेळ कसा जातो ते पाहा. स्टेशनातून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे लेण्यांच्या पायथ्याशी चालत जायला चाळीस मिनिटं. लेण्यांपर्यंत पायऱ्या चढणं, इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह आणि शेजारचे विहार नीट पाहणं आणि खाली उतरणं यात अकरा वाजतात. तिथून गायमुख खिंडीमार्गे लोहगडवाडी गाठायला मध्यम चालीने दोन तास, म्हणजे एक. डबा खाऊन गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या चार दरवाजांच्या वाटेने माथ्यावर पोचेपर्यंत पावणेदोन. तीनला उतरायला लागलं तर वरती मिळाला सव्वा तास. विंचूकाट्याच्या टोकापर्यंत जाऊन यायला तेवढा पुरतो, पण रेंगाळायला नाही. उतरून, खिंड ओलांडून मळवलीला पोचेपर्यंत साडेपाच. साडेआठ तासांत प्रत्यक्ष पाहण्याचे निघाले जेमतेम दोन. बाकीचा वेळ पायांचा.

आणि कार्ले? अनेकांच्या बेतात ते ‘जाता जाता’ असतं. नकाशावर मळवलीच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले, म्हणून ते सोपं वाटतं. पण कार्ल्याची लेणी स्टेशनपासून चार-पाच किलोमीटरवर, जुन्या महामार्गापलीकडे, आणि वर शेकडो पायऱ्या. त्याहून मोठा अडसर फाटकाचा आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ही लेणी संध्याकाळी पाचला बंद होतात. साडेपाचला मळवलीला उतरलेल्या माणसाला रात्री अकराची लोकल असली तरी कार्ले दिसणार नाही. शेवटच्या गाडीच्या आधी बंद होणाऱ्या गोष्टी अशा असतात : फाटक, तिकीट खिडकी, उजेड. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गायमुख खिंडीतली वाट तेव्हा अंधारात जाते. 2024 च्या पावसाळ्यात भुशी धरणाजवळच्या दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने लोणावळा परिसरातल्या पर्यटनस्थळी संध्याकाळी सहानंतर थांबण्यावर निर्बंध घातले होते. असे आदेश निघतात तेव्हा रात्रीच्या लोकलवर बांधलेला बेत आपोआप कोसळतो.

एसटीने जाणाऱ्यांची फसगत आणखी निराळी असते. चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, जुन्नर या दिशेला एसटीच सोयीची. स्थानकातल्या फलकावर एखाद्या गावची संध्याकाळी सातची गाडी दिसली की, ‘म्हणजे रात्री उशिरापर्यंत सेवा आहे’ असा अर्थ लावला जातो. बऱ्याचदा ती मुक्कामी गाडी असते : गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि सकाळी दूधवाले, विद्यार्थी यांना घेऊन परत फिरते. ती गावकऱ्याला घरी पोचवायला असते, सहलीच्या माणसाला परत आणायला नव्हे. शिवाय फलकावरची वेळ त्या स्थानकातून सुटण्याची असते. गावातून परतणारी शेवटची गाडी किती वाजता, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तसाच विचारावा लागतो. चौकशी खिडकीवर ‘शेवटची गाडी कधी?’ असं न विचारता ‘तिकडून इकडे यायला शेवटची कधी, आणि ती इथूनच जाणारी गाडी आहे का?’ असं विचारावं. दुसऱ्या भागाचं उत्तर ‘हो’ असेल, तर जाणारी गाडी रद्द झाली की परतीचीही गेली असं समजायचं. गावात उतरल्यावर तोच प्रश्न वाहकाला पुन्हा विचारावा. फलकापेक्षा त्याला ताजं माहीत असतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे : दुचाकी असताना एवढी आकडेमोड कशाला? दुचाकीने परतीचा वेळ आपल्या हातात येतो, हे मान्य. पण फाटकाची वेळ, उजेड आणि पायांचा वेळ यांतलं काहीच बदलत नाही. वर दिवसभर डोंगर चढून आलेल्या माणसाला कोंडीतून चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवायची असते. दुसरा आक्षेप ॲपवरच्या टॅक्सीचा. शहराच्या हद्दीत तो बरा तोडगा आहे, पण मळवली किंवा भाजे गावातून रात्री चाकणसाठी गाडी मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळाली तरी भाडं चौघांच्या सबंध सहलीच्या खर्चाएवढं होऊ शकतं. तिसरा आक्षेप सगळ्यात गोड : घड्याळ बघत फिरलं तर मजा कसली? खरं तर घड्याळ बघावं लागतं ते बेत चुकला की. दुपारी तीनला गड उतरायचा हे सकाळीच ठरलेलं असेल, तर तीनपर्यंत कोणी घड्याळाकडे पाहत नाही. ते ठरलेलं नसेल, तर दोनपासून दर दहा मिनिटांनी कोणीतरी ‘लोकल किती वाजता?’ विचारत राहतं.

म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहताना कागदावर तीनच वेळा लिहाव्यात : आपल्या घराकडची शेवटची जोडगाडी, तिला मिळणाऱ्या लोकलच्या आधीची लोकल, आणि त्या हिशेबाने गडावरून किंवा लेण्यांतून पाय काढण्याची वेळ. तिसरी वेळ सगळ्यांना माहीत हवी. ती उलटली की राहिलेलं सोडून द्यायचं, मग विंचूकाटा समोर दिसत असला तरी. भाजे आणि लोहगड एका गुरुवारी होतात, कार्ले आणि भाजे त्याहून निवांत होतात. तिन्ही एका गुरुवारी चाकणकराला होत नाहीत.