पाच संख्यांचं जग

पूर्णांकांत i मिसळला, ज्याचा वर्ग −1, की 7+4i सारख्या संख्या तयार होतात. गाउसने 1832 च्या निबंधात त्या वापरल्या, म्हणून त्यांना गाउसचे पूर्णांक म्हणतात. त्यांत 2+i ही अविभाज्य आहे. आता तिलाच शून्य मानू.

मग i म्हणजे −2. शिवाय (2+i)(2−i)=5, म्हणजे 5 सुद्धा शून्य; तेव्हा i म्हणजे 3. 7+4i चे झाले 7+12=19, आणि पाच-पाच वजा करत उरले 4. अशी प्रत्येक संख्या 0 ते 4 मध्ये येऊन बसते. यांतल्या दोन एकच तर नाहीत ना? नाहीत. 2+i च्या पटीतल्या a+bi साठी a²+b² ला 5 ने भाग जातो; 1, 4, 9, 16 ला जात नाही. इथे भागाकारही चालतो, कारण 2×3=1 आणि 4×4=1. असं जग म्हणजे क्षेत्र.

3 ला शून्य केलं तर गंमत वाढते. i कुठल्याच साध्या संख्येत विरघळत नाही, म्हणून a आणि b प्रत्येकी 0, 1, 2 पैकी: एकूण नऊ घटक. (1+i)(2+i)=1+3i, म्हणजे 1. नऊ तासांच्या घड्याळात मात्र 3×3 शून्य होतं, तिथे 3 ने भागता येत नाही.

दोन्हीकडे मोजणी a²+b² इतकीच: 4+1 आणि 9+0. 5 ला शून्य केलं तर घटक 25 मिळतात, पण क्षेत्र नाही. 2+i आणि 2−i दोन्ही शून्य नसूनही त्यांचा गुणाकार शून्य होतो.