फीडबॅक चांगला आला, पण तारीख हलली

पुण्यातल्या आयटी भरतीत मुलाखतीच्या फेऱ्या चांगल्या झाल्यावर उमेदवाराची रुजू होण्याची तारीख बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा नोटीस पीरियडमध्ये असते. अनेक मोठ्या कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो आणि नव्या कंपनीला माणूस त्याच्या निम्म्या वेळात हवा असतो. मग पहिल्याच फोनवर रिक्रूटर विचारतो, ‘नोटीस निगोशिएबल आहे का?’ आणि उमेदवार अंदाजाने हो म्हणून मोकळा होतो. दोन फेऱ्यांनंतर फीडबॅक चांगला असल्याचे कळते, उमेदवार पहिल्यांदाच आपल्या मॅनेजरपाशी किंवा एचआरपाशी आडवळणाने चौकशी करतो, आणि लवकर सुटका होणार नाही हे तेव्हा उघड होते. हा बदल रिक्रूटरला कसा आणि कधी कळवला जातो यावर पुढचे बरेच काही ठरते.

त्यासाठी पलीकडच्या बाजूला काय चाललेले असते ते आधी पाहायला हवे. ‘फीडबॅक पॉझिटिव्ह आहे’ याचा अर्थ इतकाच की मुलाखत घेणाऱ्यांनी सिस्टिममध्ये अनुकूल शेरा नोंदवला आहे. त्यानंतर मॅनेजरची फेरी, एचआरशी पगाराची बोलणी, त्या पगाराला वरिष्ठांची मंजुरी आणि मग ऑफर लेटर असा रस्ता उरलेला असतो. या सगळ्या काळात उमेदवाराच्या नावासमोर दोन आकडे फिरत असतात, अपेक्षित पगार आणि उपलब्धता. मंजुरीसाठी वर जाणाऱ्या कागदावर हेच दोन आकडे असतात. त्याच जागेसाठी आणखी एक-दोन उमेदवार शेवटच्या टप्प्यांत असतात. त्यांना नकार कळवलेला नसतो, ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच सांगितलेले असते. रिक्रूटर लबाडी करत असतो असे नाही. पहिला उमेदवार गळाला तर जागा रिकामी राहू नये एवढीच त्याची सोय असते.

तारीख किती महत्त्वाची आहे, हे जागा कशासाठी भरली जाते आहे त्यावर अवलंबून असते. सेवा देणाऱ्या कंपनीत जागा एखाद्या क्लायंटच्या प्रकल्पाशी बांधलेली असेल, तर माणूस ज्या दिवशी कामावर येतो त्या दिवसापासून त्याचे बिल लागते. तिथे सहा आठवड्यांचा उशीर म्हणजे कंपनीचे थेट नुकसान. कुणी सोडून गेले म्हणून किंवा टीम वाढवायची म्हणून जागा निघाली असेल, तर महिना-सव्वा महिन्याचा फरक बहुधा खपतो. म्हणून ‘ही जागा प्रोजेक्टच्या ठरावीक तारखेला बांधलेली आहे का?’ हा प्रश्न उमेदवाराने पहिल्याच फोनवर विचारायला हवा. तेव्हा राहून गेला असेल, तर बदल कळवताना तो विचारायचाच.

एक काल्पनिक उदाहरण तारखांसह पाहू. हिंजवडीतल्या एका कंपनीत बॅकएंड डेव्हलपर असलेली उमेदवार जूनच्या पहिल्या आठवड्यात रिक्रूटरला सांगते की नोटीस ९० दिवसांची आहे, पण ४५ दिवसांत सुटता येईल. १७ जूनला दुसरी तांत्रिक फेरी होते आणि १९ जूनला रिक्रूटर फीडबॅक चांगला असल्याचे कळवतो. ऑफर महिनाअखेर येईल या हिशेबाने त्याने तिच्या नावासमोर ऑगस्टचा मध्य लिहिलेला असतो. २० जूनला तिला कळते की सप्टेंबरअखेर होणाऱ्या रिलीजपर्यंत तिच्या टीममधून कुणालाही लवकर सोडणार नाहीत.

अशा वेळी तिने लगेच फोन उचलू नये. आधी एक दिवस काढून आपला हिशेब पक्का करावा, कारण रिक्रूटरला तारीख दोनदा बदलून सांगणे हे एकदा उशिरा सांगण्याइतकेच वाईट. राजीनामा १ जुलैला दिला असे धरले, तर ४५ दिवस १४ ऑगस्टला भरतात, ६० दिवस २९ ऑगस्टला आणि पूर्ण ९० दिवस २८ सप्टेंबरला. आता नेमणूकपत्र काढून बायआउटचे कलम वाचायचे. नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवता येतात का, त्याला कंपनीची संमती लागते का, आणि रक्कम मूळ वेतनावर मोजतात की एकूण पगारावर, हे तीन मुद्दे तिथे पाहावे लागतात. शेवटच्या मुद्द्याने मोठा फरक पडतो. दरमहा एकूण पगार १ लाख आणि मूळ वेतन ४० हजार असेल, तर ३० दिवसांसाठी एका पद्धतीने ४० हजार भरावे लागतात आणि दुसऱ्या पद्धतीने १ लाख. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करता येईल असे पुष्कळजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात अनेक कंपन्या तसे करू देत नाहीत, उलट नोटीसच्या काळात घेतलेल्या रजेचे दिवस पुढे वाढवून घेतात.

समजा, तिच्या कलमानुसार ३० दिवसांचा बायआउट कंपनीच्या संमतीने मिळू शकतो. मग तिच्याकडे सांगण्यासारख्या दोन तारखा झाल्या. २८ सप्टेंबर पक्की आणि २९ ऑगस्ट शक्यतेतली. दोन्हींमागे एकच अट आहे, ऑफर लेटर १ जुलैपर्यंत हाती येण्याची. मंजुरीला आठवडा जास्त लागला तर दोन्ही तारखा आठवड्याने सरकतील. त्यामुळे कॅलेंडरची तारीख सांगतानाच ‘ऑफर लेटरपासून ९० दिवस, बायआउट मिळाल्यास ६०’ असेही सांगणे शहाणपणाचे. एरवी कंपनीकडून झालेला उशीरही पुढे उमेदवाराच्या खात्यावर पडतो.

आता फोन. तो पुढची फेरी लागण्याआधी आणि काहीही झाले तरी ऑफर लेटर तयार होण्याआधी व्हायला हवा. ऑफर निघाल्यावर तारीख बदलायची तर मंजुरीचा कागद पुन्हा फिरतो, आणि वरचा माणूस पहिल्यांदाच विचारतो की दुसरे कुणी आहे का. आधी फोनवर बोलावे आणि त्याच दिवशी, जुन्या ईमेललाच उत्तर म्हणून, तेच लेखी पाठवावे. नवा ईमेल सुरू केला तर आधीचा संदर्भ तुटतो. व्हॉट्सअॅपवरचा निरोप तर मॅनेजरकडे ईमेलसारखा पुढे पाठवणे सोयीचे नसते. प्रत्यक्षात हा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत होतो, पण त्यातला मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार. दुसऱ्या फेरीचा फीडबॅक कळवल्याबद्दल आभार. या जागेसाठी पुढे जाण्याची माझी पूर्ण तयारी आहे. माझ्या उपलब्धतेत एक बदल झाला आहे. मी पूर्वी ४५ दिवस सांगितले होते. आमच्याकडे लवकर सोडण्यास नकार मिळाल्याने आता ऑफर लेटरपासून पूर्ण ९० दिवस लागतील; ऑफर १ जुलैपर्यंत आली तर माझा शेवटचा दिवस २८ सप्टेंबर असेल. ३० दिवसांच्या बायआउटला कंपनीने संमती दिली, तर तो २९ ऑगस्टवर येऊ शकतो. ही संमती राजीनाम्यानंतरच मिळते, त्यामुळे आज तिची खात्री देता येत नाही. बायआउटची रक्कम आपली कंपनी देते का, आणि ही जागा ठरावीक तारखेला बांधलेली आहे का, हे कळवावे. पुढच्या फेरीसाठी मी या आठवड्यात रोज संध्याकाळी ६ नंतर मोकळी आहे.’

या मजकुरातली शेवटची ओळ सहज लिहिल्यासारखी दिसते, पण काम तीच करते. तारीख लांबल्याचे कळताच रिक्रूटरच्या मनात पहिली शंका येते की दुसरी ऑफर हाती आली असावी. पुढच्या फेरीची वेळ उमेदवारानेच देऊ केली की ती शंका बरीचशी मावळते. कारण एका वाक्यात पुरते. घरचे आजारपण, लग्न, स्थलांतर असे काही असेल, तर ‘कौटुंबिक कारणाने’ एवढे पुरे. तपशील जितका लांबवावा तितका तो सबबीसारखा वाचला जातो. दुसरी ऑफर खरोखरच असेल, तर मात्र नोटीसचे कारण पुढे करू नये. रुजू होताना रिलिव्हिंग लेटर आणि पडताळणीत जुन्या नोकरीच्या तारखा तपासल्या जातात, आणि खोटे तिथे उघडे पडते.

नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये नोटीस पीरियडचा वेगळा रकाना असतो. तो त्याच दिवशी बदलायला हवा. रिक्रूटरला ९० दिवस सांगून प्रोफाइलवर ३० ठेवले, तर कोणता आकडा इतरांना दाखवला जातो आहे हे त्याला लगेच दिसते.

दोन चुका इथे हटकून होतात. पहिली म्हणजे तारीख अलीकडे आणण्यासाठी, तोंडी फीडबॅकच्या भरवशावर राजीनामा टाकणे. नोटीसचे दिवस सुरू होतात हे खरे, पण ऑफर लेटर हातात नसते. जागा थांबवली गेली तर उमेदवार दोन्हीकडून जातो. दुसरी चूक मध्ये कन्सल्टन्सी असेल तेव्हाची. कन्सल्टंटचे पैसे साधारणपणे उमेदवार रुजू झाल्यावर निघतात. त्यामुळे ‘आत्ता ४५च राहू द्या, ऑफर आल्यावर बघू’ असा सल्ला तिथून येऊ शकतो. तो मानला, तर तारीख फुटते तेव्हा नाव उमेदवाराचे खराब होते. कन्सल्टंटला ओलांडून थेट कंपनीला लिहिणेही बरे दिसत नाही. बदल कंपनीच्या एचआरला कळवला का, हे त्याच्याकडून लेखी विचारून घ्यावे, आणि एचआरच्या फेरीत तारीख स्वतः एकदा उच्चारावी.

जागा टिकली की नाही हे पुढच्या तीन-चार कामाच्या दिवसांत कळू लागते. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मागितले, पुढच्या फेरीची वेळ आली, किंवा ‘बायआउट आम्ही देऊ, पण वरची मर्यादा इतकी’ असे उत्तर आले, की गाडी पुढे चालली आहे असे समजावे. ‘टीमशी बोलून सांगतो’ यानंतर शांतता पसरली आणि तीच जागा पोर्टलवर नव्याने झळकली, तर दुसऱ्या उमेदवाराकडे वळणे सुरू झालेले असते. तीन दिवसांनी एक छोटी आठवण करणे रास्त आहे. रोज फोन केल्याने मात्र काहीच हलत नाही.

प्रकल्पाला माणूस ऑगस्टमध्येच हवा असेल, तर कोणत्याही शब्दांनी ही जागा वाचत नाही. तिथे पाहायचे ते एवढेच की सिस्टिममध्ये अर्ज कोणत्या शेऱ्याने बंद होतो. अनेक कंपन्यांत नाकारलेल्या उमेदवाराला काही महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. उपलब्धतेअभावी बंद झालेल्या अर्जाचा फीडबॅक पुष्कळदा पुढच्या जागेसाठी ग्राह्य धरतात आणि तांत्रिक फेऱ्या पुन्हा घेत नाहीत. म्हणून माघार घेताना ‘तारीख जुळत नसल्याने ही जागा सोडत आहे, ऑक्टोबरपासूनच्या जागांसाठी माझा विचार व्हावा’ असे लेखी कळवावे, आणि अर्ज त्याच कारणाने बंद केला आहे ना, हे रिक्रूटरला विचारून घ्यावे.