प्रगतिपुस्तकावर सही कोणाची?

ब्रिटनमधल्या रुग्णालयांत नोकरी मिळालेल्या महाराष्ट्रातल्या परिचारिका बहुधा आधी एकट्या जातात. मूल आजोळी राहते, शाळा चालू राहते आणि तिकडे घर लागले की मुलाच्या व्हिसाची तयारी सुरू होते. आई-वडील दोघेही तिकडे असतील किंवा बरोबरच जाणार असतील, तर शाळेच्या कागदांना फारसे महत्त्व येत नाही. प्रश्न येतो तो आई घटस्फोटित किंवा विभक्त असते आणि मुलाला एकट्या आपल्याकडे बोलावते तेव्हा. वडील हयात असूनही मूल एकाच पालकाकडे येणार असेल, तर मुलाच्या वाढीची संपूर्ण जबाबदारी त्या एका पालकावर आहे हे ब्रिटिश नियमांनुसार सहसा सिद्ध करावे लागते. याला अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत.

इथे आईपुढे एक विचित्र अडचण उभी राहते. ती हजारो मैलांवर आहे, मुलीला रोज डबा करून देते आजी आणि शाळेत सोडतात आजोबा. मग जबाबदारी आईची कशी? याचे उत्तर तिथल्या न्यायाधिकरणाने २००६ साली एका येमेनी कुटुंबाच्या प्रकरणात दिले आहे आणि अधिकारी आजही तीच कसोटी लावतात. रोजची देखभाल दुसऱ्या कोणी केली तरी चालते. मुलाच्या आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय कोण घेते आणि त्याच्या वाढीवर सातत्याने ताबा कोणाचा आहे, हे पाहायचे. दुसरा पालकही त्या निर्णयांत भाग घेत असेल, तर जबाबदारी संपूर्ण ठरणे अवघड होते.

आता असे निर्णय कागदावर कुठे उमटतात? बहुतेक घरांत ते शाळेच्याच कागदांवर उमटतात. म्हणून अधिकारी हजेरी आणि वर्तणुकीच्या नोंदी वाचतो तेव्हा मूल हुशार आहे की खोडकर, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. मूल कुठे राहत होते आणि त्याच्याबद्दल शाळेला उत्तर कोण देत होते, हे त्याला त्या नोंदींतून काढायचे असते. शाळेकडे काय मागायचे, हे यावरूनच ठरते.

एक उदाहरण कल्पून घेऊ. मुलगी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवीत आहे. आई दीड वर्षापासून लीड्समध्ये परिचारिका आहे. घटस्फोट होऊन चार वर्षे झाली, ताबा आईकडे आहे. आजोबा शाळेच्या कार्यालयात जातात आणि म्हणतात, ‘व्हिसासाठी दाखला पाहिजे.’ लिपिक छापील नमुना काढतो, नाव भरतो आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन देतो. त्यात मुलगी या शाळेत पाचवीत शिकत आहे आणि तिची वर्तणूक चांगली आहे, एवढेच असते. दाखला खरा आहे, शिक्का ठसठशीत आहे, पण आईचा त्यात उल्लेखच नाही. उलट मुलीच्या नावात मधले नाव वडिलांचे असल्याने त्या कागदावर दिसणारे एकमेव पालक म्हणजे वडील. मधले नाव वडिलांचे असणे ही आपली नाव लिहिण्याची रीत आहे, त्यावरून वडिलांचा सहभाग ठरत नाही, हे आईने आपल्या निवेदनात एका वाक्यात सांगून टाकावे. परदेशी अधिकाऱ्याला ते आपोआप कळेल असे धरून चालू नये.

शाळेकडे नेमके चार प्रकारचे कागद मागावेत. पहिला, जनरल रजिस्टरमधील मुलीच्या नोंदीचा उतारा. त्यात प्रवेशाची तारीख, जन्मतारीख आणि आईचे नाव असते. प्रवेश अर्जाची प्रत मिळाली तर तीही घ्यावी, कारण प्रवेश कोणी घेतला हे त्यावरच्या सहीवरून दिसते. दुसरा, हजेरीचा महिनावार गोषवारा. मूळ हजेरीपटावर वर्गातल्या सगळ्या मुलांची नावे असतात, त्यामुळे त्याची छायाप्रत मागू नये. आपल्या मुलीपुरता कामाचे दिवस आणि हजर दिवस यांचा उतारा पुरतो. तिसरा कागद म्हणजे मागील वर्षांची प्रगतिपुस्तके. वर्तणुकीच्या खऱ्या नोंदी इथेच सापडतात. आपल्याकडे बहुतेक शाळांत वर्तणुकीची वेगळी वही नसते, पण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहितात. विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत मुलीचे माणूस म्हणून चित्र दिसते, आणि खाली पालकाच्या सहीची चौकट असते.

चौथा कागद सर्वांत महत्त्वाचा: मुख्याध्यापकांचे किंवा वर्गशिक्षकांचे सविस्तर पत्र. शाळेत नाव कोणी घातले, पालक म्हणून कोणाची नोंद आहे, मुलगी आजारी पडली किंवा तक्रार आली तर शाळा कोणाला फोन करते, पालकसभेला कोण येते, सहलीची किंवा शिष्यवृत्ती परीक्षेची परवानगी कोणी दिली आणि वडिलांनी गेल्या काही वर्षांत शाळेशी संपर्क केला का, हे त्यात यावे. शाळेला जे ठाऊक आहे तेवढेच लिहायला सांगावे. प्रगतिपुस्तकावर आजोबांची सही असेल तर पत्रात तसे स्पष्ट लिहावे: ‘आई परदेशी असल्याने आजोबा सही करतात; निर्णयासाठी आम्ही आईशी फोनवर बोलतो.’ हे वाक्य खरे असेल तर दूरवरून चालणारा ताबा ते नेमका दाखवते. सगळे आईच करते असे सजवून लिहिलेले पत्र आणि शेजारीच आजोबांच्या सह्यांची प्रगतिपुस्तके, हा विसंवाद पहिल्याच वाचनात पकडला जातो.

अशीच दुसरी चूक आकड्यांत होते. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या चौथीच्या वर्षात कामाचे दिवस २१२ आणि हजर दिवस १७१ आहेत, म्हणजे साधारण ८१ टक्के. पत्र लिहिताना गुरुजी मायेने ‘९० टक्क्यांहून अधिक उपस्थिती’ लिहून जातात. कमी हजेरीने अर्जाचे काही बिघडले नसते, पण एकाच शाळेचे दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत की दोन्हींवरचा विश्वास उडतो. गोषवारा नीट पाहिला तर ४१ गैरहजर दिवसांपैकी २९ ऑगस्ट-सप्टेंबरचे आहेत. त्या वेळी मुलीला टायफॉइड झाला होता. दवाखान्याची कागदपत्रे आणि त्या दिवसांत आईने डॉक्टरांशी व शाळेशी केलेले संदेश जोडले, तर हेच खिंडार आईच्या बाजूचा पुरावा होते. गैरहजर दिवसांत मुलगी महिनाभर वडिलांकडे राहिली होती असे निघाले, तर मात्र तेही निवेदनात आधीच सांगून ठेवावे लागते.

पत्र शाळेच्या लेटरहेडवर असावे. त्यावर जावक क्रमांक, तारीख, युडायस क्रमांक, सही करणाऱ्याचे पूर्ण नाव आणि हुद्दा, गोल शिक्का, चालू फोन आणि ईमेल हवा. अधिकारी पडताळणीसाठी शाळेला फोन करू शकतात. तो सुट्टीत आला, किंवा पत्राबद्दल काहीच माहीत नसलेल्याने उचलला, तर गोंधळ होतो. म्हणून पत्राची स्थळप्रत कार्यालयात राहू द्यावी आणि इंग्रजीत बोलू शकेल अशा एका शिक्षकाला कल्पना द्यावी.

मागणी आईच्या नावाने करावी. तिने सही केलेला अर्ज ईमेलने पाठवावा, कोणते कागद आणि कोणत्या वर्षांचे हे लिहावे, आणि ते आजोबांच्या हाती देण्याचे अधिकारपत्र जोडावे. मुलांची माहिती तिसऱ्या माणसाला द्यायला शाळा कचरतात, आणि ते योग्यच आहे. शिवाय आईचा हा अर्ज आणि शाळेचे उत्तर ही जोडीसुद्धा फाइलमध्ये लावता येते. हे काम एप्रिल संपायच्या आत उरकावे. मे महिन्यात शिक्षक सुट्टीवर असतात, आणि जूनमध्ये कार्यालयात प्रवेशाची गर्दी असते.

शाळा टाळाटाळ करू लागली तर आधी मुख्याध्यापकांना लेखी स्मरणपत्र द्यावे, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांकडे माहितीच्या अधिकारातही अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. या मार्गाने अस्तित्वात असलेल्या नोंदींच्या प्रती मिळतात. नवे सविस्तर पत्र लिहून द्यायला शाळेला भाग पाडता येत नाही. म्हणून संबंध बिघडण्यापूर्वीच पत्र मागून घ्यावे.

मराठी कागदांना पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, शिक्क्यातला मजकूर आणि छापील रकान्यांची शीर्षकेही त्यात यावीत. भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर असावा. मुलीच्या व आईच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवावे. शाळेच्या इंग्रजी नोंदीत ते वेगळे असेल, तर भाषांतरात गुपचूप दुरुस्त न करता फरक का आहे ते निवेदनात सांगावे.

एवढे करूनही शाळेचे कागद एकटे पुरत नाहीत. न्यायालयाचा ताब्याचा आदेश, आईने पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, दवाखान्याचे कागद आणि आई-मुलीच्या भेटींचे पुरावे यांच्या बरोबरीने ते वाचले जातात. वडिलांचे नुसते संमतीपत्रही पुरेसे नसते. त्यातून ते हरकत घेत नाहीत एवढेच कळते. जबाबदारी कोण पार पाडते हा प्रश्न तसाच उरतो.

आणि या सगळ्या धावपळीत एक कागद मात्र मागायचा नाही: शाळा सोडल्याचा दाखला. त्यात वर्तणुकीचा रकाना असतो म्हणून अनेक पालक तोच घेऊन येतात. पण तो दिला की शाळा मुलीचे नाव पटावरून कमी करते. व्हिसा नाकारला गेला किंवा लांबला, तर मुलगी ना इथल्या शाळेत, ना तिथल्या. वर्तणुकीचा उल्लेख बोनाफाईडमध्येही करून मिळतो. व्हिसा हातात आला, तिकिटाची तारीख ठरली, की मग शेवटच्या आठवड्यात सोडल्याचा दाखला काढावा. लीड्सच्या नव्या शाळेला आधीची शाळा कोणती हे सांगताना तो उपयोगी पडेल.