दोघेही मोकळे, तरी भेट होईना

विमान कंपन्यांचे मार्ग आखणारे अधिकारी आणि विमानतळांचे प्रतिनिधी ‘रूट्स’ नावाच्या परिषदेत एकमेकांना भेटतात. १९९५ साली कार्डिफमध्ये ती पहिल्यांदा भरली. व्यासपीठावरची भाषणे तिथेही असतात, पण माणसे येतात ती मुख्यतः आधी ठरवलेल्या वीस-वीस मिनिटांच्या भेटींसाठी. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टेबल आणि ‘आमच्या शहरातून तुमचे विमान का उडावे’ हे सांगायला तेवढाच वेळ. पर्यटन, चित्रपटनिर्मिती, औषधे अशा अनेक क्षेत्रांच्या परिषदांत आता असे वेळापत्रक असते. ते जुळवायचे कसे, हा प्रश्न वरून दिसतो त्यापेक्षा बराच अवघड आहे.

सोपी वाटणारी रीत अशी. प्रत्येकाचे कॅलेंडर सर्वांना खुले ठेवायचे. मला तुम्हाला भेटायचे असेल तर मी तुमची मोकळी वेळ निवडून विनंती पाठवतो, तुम्ही ‘हो’ म्हटले की भेट पक्की. अडचण ‘हो’ येण्याआधीच सुरू होते. माझी विनंती तुमच्याकडे पडून असताना ती वेळ कोणाची? दोघांसाठी राखून ठेवली, तर उत्तर न देणारा माणूस दुसऱ्याचा अख्खा दिवस अडवून बसतो. दहा जणांना विनंत्या पाठवणाऱ्याचे दहा स्लॉट नुसत्या आशेवर गोठतात. राखली नाही, तर तुम्ही ‘हो’ म्हणेपर्यंत तिथे तिसराच येऊन बसलेला असतो. म्हणून बरे आयोजक दोन नियम लावतात. विनंतीला मुदत असते, ती उलटली की विनंती आपोआप रद्द होते. आणि दोन्ही कॅलेंडरे तपासायची ती विनंती पाठवताना नव्हे, तर होकाराच्या क्षणी. हा दुसरा नियम विसरला की एकाच टेबलाशी, एकाच वेळी दोन पाहुणे हजर होतात.

एवढे करूनही एक दुखणे उरते, आणि ते नियमांनी जात नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिक, कोल्हापूर आणि मोपा हे तीन विमानतळ. क, ख आणि ग या तीन विमान कंपन्या. भेटीच्या वेळा दोनच, १० वाजता आणि १० वाजून २० मिनिटांनी. आधी आलेल्या होकारांनुसार चार भेटी ठरल्या आहेत. १० वाजता नाशिक ‘क’ला आणि कोल्हापूर ‘ग’ला भेटणार. १०.२० ला कोल्हापूर ‘ख’ला आणि मोपा ‘ग’ला. आता नाशिक आणि ‘ख’ यांनाही एकमेकांना भेटायचे आहे, दोघांचाही होकार आहे. नाशिक १०.२० ला मोकळे, ‘ख’ १० ला मोकळी. दोघांकडेही रिकामी वेळ आहे, पण ती एकच वेळ नाही. खुल्या कॅलेंडरच्या रीतीत ही भेट इथेच मरते, आणि दोघांनाही वाटते की समोरचाच फार व्यग्र आहे.

ती वाचवता येते. ‘ख’ची १०.२० ची वेळ मोकळी करायची, म्हणून कोल्हापूरबरोबरची तिची भेट १० वर आणू. पण १० ला कोल्हापूर ‘ग’कडे आहे, ती भेट १०.२० वर ढकलू. १०.२० ला ‘ग’कडे मोपा आहे, त्याला १० वर आणू. मोपा १० ला रिकामेच होते, त्यामुळे साखळी तिथे संपते. आता १०.२० ला नाशिक आणि ‘ख’ दोघेही मोकळे. तीन भेटी इकडच्या तिकडे झाल्या, एकही गेली नाही, उलट एक वाढली.

ही साखळी फिरत फिरत नाशिकवरच येऊन आदळली तर? येत नाही. ती विमान कंपनीकडून विमानतळाकडे जाते ती नेहमी १०.२० च्या भेटीतून, आणि नाशिकची १०.२० ला भेटच नाही. हंगेरीचे गणिती डेनेश क्यॉनिग यांनी १९१६ साली सिद्ध केलेल्या प्रमेयामागे हेच तत्त्व आहे. दोन गट असतील, भेटी फक्त एका गटातल्याची दुसऱ्या गटातल्याशी असतील, आणि कोणाच्याही वाट्याला दहापेक्षा जास्त भेटी नसतील, तर दहा स्लॉटमध्ये सगळ्या बसतातच. माणसे शंभर असोत की हजार.

कोणीही कोणालाही भेटू शकते अशी परिषद असेल, तर मात्र ही हमी जाते. तीन मित्रांनी एकमेकांना स्वतंत्रपणे भेटायचे ठरवले तर प्रत्येकाच्या भेटी दोनच; तरीही दोन स्लॉट पुरत नाहीत, कारण दोघे बोलत असताना तिसऱ्याला रिकामे बसावे लागते. तीन स्लॉट लागतात. सोव्हिएत गणिती व्हिजिंग यांनी १९६४ साली दाखवले की अशा वेळीही एक जादा स्लॉट पुरेसा असतो. माझ्या मते आयोजकांनी यातून घ्यायची गोष्ट एकच: प्रत्येकाचा दिवस काठोकाठ भरू नये. एखाददुसरा रिकामा स्लॉट हा वाया गेलेला वेळ नव्हे, सगळी हलवाहलव त्याच्याच जोरावर चालते.

हे सगळे ‘प्रत्येकजण प्रत्येक वेळी मोकळा आहे’ या गृहीतावर उभे आहे, आणि खरे भांडण तिथेच. मोपाच्या प्रतिनिधीचे १० वाजता भाषण असते तर आपली साखळी शेवटच्या कडीलाच तुटली असती. कोण कधी मोकळा हे निरनिराळे झाले की कोडे शाळेच्या वेळापत्रकासारखे होते: हे गुरुजी सकाळीच येतात, त्या बाई फक्त दुपारी. इव्हन, इताई आणि शमीर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७६ साली शिक्षक-वर्ग वेळापत्रकाचाच प्रश्न घेऊन दाखवले, की अशा अटी आल्या की तो संगणकासाठीही अतिशय कठीण वर्गात जातो. सर्व प्रसंगी झटपट आणि खात्रीने उत्तर देणारी पद्धत कोणालाच माहीत नाही. संगणक चांगले उत्तर शोधतो, पण काही भेटी सुटू शकतात.

म्हणून मोठ्या परिषदांना मानवणारी रीत अशी: आधी माणूस ठरवा, वेळ नंतर. प्रतिनिधी कोणाला भेटायचे त्याची पसंतीक्रमाने यादी देतात, समोरचे होकार-नकार कळवतात, आणि एका ठरलेल्या तारखेनंतर आयोजक सगळे होकार एकत्र घेऊन वेळा लावतात. दोघांनीही एकमेकांना मागितले असेल ती भेट आधी बसवतात, एकाने मागितलेली आणि दुसऱ्याने नुसती मान डोलावलेली नंतर. वेळापत्रक जाहीर झाल्यावर मात्र साखळ्या हलवायच्या नाहीत. एका नव्या भेटीसाठी तीन जुन्या भेटी हलल्या, तर चार जणांच्या हातातला कागद चुकीचा होतो. त्यानंतर फक्त दोघांचीही एकच वेळ रिकामी असेल तरच नवी भेट.

वेळापत्रक नीट लागले का, हे आयोजकाला एका यादीवरून कळते: होकार आहे पण वेळ मिळाली नाही अशा जोड्या. त्यांतल्या एका बाजूचा दिवस खरोखर भरलेला असेल तर इलाज नाही. दोन्हीकडे रिकामे स्लॉट असूनही जोडी लटकली असेल, तर बहुधा साखळी शोधण्यात कसूर झाली आहे किंवा कोणीतरी आपल्या वेळा उगाच अडवून ठेवल्या आहेत.

तेव्हा अशा परिषदेला जाणार असाल तर अर्जातल्या ‘उपलब्ध नाही’ या रकान्यात खरोखर अडलेल्या वेळाच भरा. ‘बघू, कदाचित जेवण लांबेल’ म्हणून दुपार बंद करू नका. आणि ज्यांना भेटायचे नाही त्यांना लगेच नकार कळवा. तुमच्या गप्प बसण्याने त्यांचा एक स्लॉट अडतो.